मेन गेटच्या नाईट गार्डचा इंटरव्ह्यू

मॅडम: बसा दादा. सहा वर्षं गार्ड, त्यातली चार नाईटला, बरोबर? पहाटे तीन-साडेतीनला डुलकी लागते की नाही, खरं सांगा.

गार्ड: येते मॅडम, येत नाही म्हणणारा थापा मारतो. म्हणून मी त्या टायमाला खुर्चीत बसतच नाही, तोंडावर पाणी मारायचं आणि राऊंडला निघायचं. आणि रस्ता बदलत राहतो, कधी पार्किंगकडून सुरू तर कधी वरून जिन्याने खाली, नाहीतर बाहेरून बघणाऱ्याला आपलं टाइमटेबल पाठ होतं.

मॅडम: राऊंडला नेमकं बघता काय?

गार्ड: कालच्यापेक्षा आज वेगळं काय आहे ते. काल बंद असलेली खिडकी उघडी दिसते, पंप रूममधून रोजचा आवाज येत नाही, फायर एक्झिटसमोर कुणीतरी खोकी रचून ठेवलेली असतात. जाता जाता फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे ना, पिन-सील जागेवर आहे ना ते बघतो. पॅनेल रूमबाहेरच्या सीओटूवाल्याला काटाच नसतो, तो वजनावर तपासतात, तिथे मी सील आणि टॅगवरची तारीख बघतो.

मॅडम: हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बरं, आता मी व्हिजिटर. "अहो, मी डायरेक्टरांची मेहुणी, नेहमी येते, तुम्ही नवीन दिसताय. गेट उघडा."

गार्ड: नमस्कार मॅडम. नवीनच आहे, म्हणून ओळखलं नाही, माफ करा. नाव सांगा, आत फोन लावतो, तोवर बसा.

मॅडम: ते मीटिंगमध्ये आहेत, फोन नाही उचलणार. नोकरी घालवीन हां तुझी!

गार्ड: मग रिसेप्शनला विचारतो मॅडम, दोन मिनिटं लागतील. पण आतून हो आल्याशिवाय आणि एंट्री झाल्याशिवाय मला गेट उघडता येणार नाही. तक्रार करायची असेल तर सुपरवायझरांचा नंबर इथे बोर्डावर आहे.

मॅडम: आवाज चढला नाही तुमचा. राग येत नाही का, अरे-तुरे केल्यावर?

गार्ड: येतो की! पण आपण एक शब्द वाढवला की मग एंट्रीचं राहतं बाजूला आणि भांडण गार्ड उद्धट बोलला याच्यावर येतं. समोरच्याला तेच पाहिजे असतं बऱ्याचदा.

मॅडम: आणि ढकलून आत शिरलेच तर?

गार्ड: अंगाला हात लावणार नाही. वॉकीवर लगेच, मेन गेटवरून एक बाई विनाएंट्री आत, निळा ड्रेस, लिफ्टकडे निघाल्यात. मी जागा सोडत नाही, कारण मी मागे धावलो की उघड्या गेटातून अजून दोघं घुसतात. खरं तर भांडणाऱ्यापेक्षा मला कार्डवाल्याच्या मागोमाग हसत आत सरकणाऱ्याची जास्त भीती वाटते, त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मॅडम: रिपोर्ट लिहिता येतो? कधी चुकलाय का?

गार्ड: एकदा चांगलाच. स्टोअरमधला ड्रिल दिसला नाही म्हणून मी रजिस्टरला "ड्रिल मशीन चोरीला गेली" लिहिलं, सफाईवाल्या पोराचं नाव पण घातलं कारण शेवटी तोच तिथे दिसला होता. सकाळी कळलं मशीन रिपेअरला गेलीय, गेटपास दिवसपाळीच्या फाइलमध्ये होता आणि मी हँडओव्हर घेताना फाइल उघडलीच नव्हती. त्या पोराला मात्र तासभर ऑफिसात उभं केलं. तेव्हापासून जे डोळ्याने दिसलं तेवढंच लिहितो.

मॅडम: हा कागद घ्या. रात्री बेसमेंटमध्ये एक जण गाडीत डोकावताना दिसला, हटकल्यावर पळाला. लिहा, पाच मिनिटं.

(गार्डने लिहिलेलं)

"रात्री २.१० वा. राऊंडवर असताना बेसमेंटमध्ये ७ नंबर पिलरजवळ एक पुरुष पांढऱ्या कारच्या काचेतून आत बघताना दिसला. मी लांबून टॉर्च मारून 'कोण आहे' विचारलं. तो रॅम्पने बाहेर पळाला. चेहरा दिसला नाही. काळं जॅकेट, पाठीवर सॅक. कारच्या काचा बाहेरून शाबूत, मी हात लावला नाही. २.१२ ला सुपरवायझरना फोन केला. २.१५ ला कंट्रोल रूमला रॅम्पच्या कॅमेऱ्याचं फुटेज काढून ठेवायला सांगितलं. वेळ माझ्या घड्याळाप्रमाणे."

मॅडम: हे शेवटचं वाक्य कशाला?

गार्ड: कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे-मागे असतं मॅडम. फुटेज बघणारा बरोबर २.१० लावतो, काही दिसत नाही, आणि मग म्हणतात गार्ड झोपेत होता.

मॅडम: आमचं पण पुढे आहे वाटतं, कुणी तपासलंच नाही. सोमवारी रात्री आठला या, हँडओव्हरसाठी अर्धा तास आधी. आल्या आल्या ते घड्याळ बघू.