मंजूला, गुरुवारी रात्री

मंजू, फोन करणार होते, पण आज दिवसभर तुझा फोन एंगेजच असेल आणि प्रत्येकाला घरफोडीची तीच कथा पहिल्यापासून सांगून तुझा घसा बसला असेल, म्हणून लिहिते. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. वाचलंस की नुसता अंगठा टाक.

काय काय गेलं ते मी विचारणार नाही. आजही नाही आणि आल्यावरही नाही. तुला सांगावंसं वाटलं तर ऐकेन. आणि "गणपतीला गावी जाताना शेजारी सांगून गेला नव्हतात का?" असं जो कोणी विचारेल त्याला माझा नंबर दे, त्याच्याशी मी बोलते. दरवर्षी डोंबिवलीची अर्धी घरं कुलपं लावून कोकणात जातात. तुम्ही काही वेगळं केलं नाहीत.

शनिवारी सकाळी ठाण्याहून निघून दहापर्यंत तुझ्याकडे पोचते. रविवारी रात्रीपर्यंत राहणार आहे, घरी सांगून झालंय. पाहुणी म्हणून येत नाहीये, जुना गाऊन घेऊन येतेय. डब्यात पिठलं आणि भाकरी, शिवाय भाजणी वेगळी. स्वयंपाकघरातलं सांडलेलं आवरायला तू आत पाऊलही टाकू नकोस. चोर डाळ-तांदळाचे डबे का उपडे करतात हे आपल्या आयांनीच त्यांना शिकवलंय, दुसरं काय! मी झाडून, निवडून, डबे घासून ठेवते. तोवर तू आणि भावजी गॅलरीत बसून चहा प्या.

कपाटाला ठसेवाल्यांची काळी पावडर लागली असेल, तर ओलं फडकं अजिबात लावू नकोस. साताऱ्याला बाबांकडे घरफोडी झाली तेव्हा मी शहाणपणा करून ओलं फडकं फिरवलं आणि अख्खं कपाट राखाडी करून ठेवलं. आधी कोरड्या ब्रशने झाडायचं, मग साबणाचं पाणी. ते काम माझ्यासाठी ठेव, मला त्या पावडरीशी जुना हिशेब चुकता करायचाय. आणि कपाटातून बाहेर काढून टाकलेले कपडे एकदा धुऊन घ्यावेसे वाटत असतील तर सगळे धुऊ. तेव्हा आईनेही धुतले होते, घडीचे सुद्धा. कोणी वेडी म्हणत नाही.

आमच्या सोसायटीतल्या सुताराशी बोललेय. चौकट उचकटलीय ती आणि कोयंडा, दोन्हीचा फोटो पाठव, म्हणजे तो सामान घेऊनच येईल. शनिवारी दुपारी येतो म्हणालाय. तेवढं पोलिसांचं दाराचं काम झालंय ना, हे मात्र भावजींना एकदा विचारून घ्यायला सांग.

पोलिसांवरून आठवलं. पंचनाम्याच्या वेळी सगळं आठवलं नाही म्हणून तू रडलीस, असं भावजी म्हणाले. अगं, मागाहून आठवलेलं पुरवणी जबाबात सांगता येतं. बाबांनी दोनदा दिला होता. त्यामुळे रात्री डोळे मिटून यादी करत बसू नकोस. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती घेतली नसेल तर आणायला मी बरोबर येते. फक्त एक गोष्ट उद्याच बघ: बँकेच्या लॉकरची किल्ली आणि चेकबुक जागेवर आहेत का. नसतील तर सकाळी बँकेत फोन. असतील तर बाकीचं शनिवारपर्यंत थांबेल.

झोप लागत नसेल. लागणारही नाही काही दिवस. आई महिनाभर रात्री तीनला उठून कडी बघून यायची आणि बाबा आधी चिडायचे. मग एके रात्री त्यांनीच दाराच्या मागे तांब्या ठेवला आणि त्यावर भांडं पालथं घातलं. दार हललं तर खणखणाट होईल, म्हणाले. हसू नकोस, पुढे आईला झोप लागली ती त्या तांब्यामुळेच. तुझ्याकडे स्टीलचा आहे ना, तो ठेव. शनिवारी मी हॉलमध्ये दाराजवळच गादी टाकीन. माझं घोरणं कॉलेजच्या सहलीपासून तुला माहीत आहे, त्याहून मोठा अलार्म बाजारात मिळत नाही.

चिनू बिथरलाय असं ऐकलं. त्याला शनिवारी संध्याकाळी मी खाली घेऊन जाते, फडके रोडला एक चक्कर आणि वडापाव. तू यायचं की झोपायचं ते तेव्हा ठरव. सासूबाईंना सांग, देवघर त्यांच्या हातानेच लावायचं म्हणून मी तिथे हात लावणार नाही, फक्त पितांबरी घेऊन शेजारी बसेन.

उद्या शुक्रवारी ऑफिसातून सुटल्यावर साडेसातला फोन करते. नाही उचललास तर समजेन झोपलीस. आणि शनिवारी बेल वाजवणार नाही. खाली आले की फोन करते, मग तूच दार उघड.

सुलू