मंजू, जिलबीबद्दल

मंजू,

काल फोनवर तू सारखी म्हणत होतीस, "सॉरी गं, एका कुत्रीसाठी मी उगाच रडतेय, लोकांची माणसं जातात." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितेय. सावकाश वाच. नाही वाचलंस तरी चालेल.

सॉरी कशासाठी? जिलबी तेरा वर्षं तुझ्या घरात होती. नीलेशच्याही आधीपासून. कर्वेनगरच्या त्या भाड्याच्या खोलीत, घरमालक नको म्हणत असताना तू तिला ठेवून घेतलंस. तुझे बाबा गेले तेव्हा आम्ही सगळे येऊन, रडून, जेवून आपापल्या घरी गेलो. रात्री-अपरात्री तू गॅलरीत जाऊन बसायचीस, तेव्हा उठून शेजारी येऊन बसणारी ती एकटीच होती. मल्हार रांगायला लागला तो तिची शेपटी धरून. त्या घरातलं इतकं काही तिने पाहिलंय. ती गेल्यावर रडू येणारच. आलं नसतं तर मला तुझी काळजी वाटली असती.

शेजारच्या काकू म्हणाल्या ना, "आता दुसरं पिल्लू आण, विसरशील." त्या वाईट मनाने म्हणाल्या नसतील. पण नवरा गेलेल्या बाईला त्याच आठवड्यात कुणी स्थळ सुचवत नाही, एवढं भान माणसांच्या बाबतीत असतं. जनावराच्या बाबतीत सुटतं. माणूस गेलं की घरात काय करायचं ते ठरलेलं असतं. लोक भेटायला येतात, पहिले काही दिवस शेजारून पिठलं-भात येतो, तेराव्यापर्यंत कुणी तुला हसायला सांगत नाही. जिलबीसाठी यातलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलंय असं खोटं सांगून तुला सुट्टी घ्यावी लागली. दुःख तेवढंच, आणि वर ते लपवण्याचं काम. थकवा येतोय तो त्याचाही आहे.

आपल्या साताऱ्याचीच गोष्ट बघ. माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शाळेतून गेलो होतो तेव्हा तू तिथून हलायलाच तयार नव्हतीस आणि बाई ओरडल्या होत्या. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा खंड्याने महाराजांना वाचवलं, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला असं सांगतात. छत्रपतींना कुत्र्याची समाधी बांधताना संकोच वाटला नाही. तू तर नुसती रडते आहेस. आता आपली जिलबी काही वाघाच्या अंगावर जाणारी नव्हती, हे मान्य. लवंगी फटाका वाजला तरी बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसायची बया. पण प्रेमाला पराक्रमाची अट कुठे असते?

आता दुसरं. ते तू फोनवर हळूच बोललीस आणि लगेच विषय बदललास. "मीच मारलं तिला."

नाही, मंजू.

माझा धाकटा दीर जनावरांचा डॉक्टर आहे, तुला माहीत आहे. रिपोर्टचे जे फोटो तू मला पाठवले होतेस ते मी काल त्याला दाखवले. तुला खटकतंय की दिवाळीतच ती जास्त पाणी प्यायला लागली होती, तेव्हाच न्यायला हवं होतं. तो म्हणाला, किडनीचा साधारण पाऊण भाग कामातून गेल्याशिवाय रक्तात क्रिएटिनीन वाढलेलं दिसतच नाही. म्हणजे बाहेरून काही कळेपर्यंत आत बरंच होऊन गेलेलं असतं. गेलेला भाग परत येत नाही. सलाईन आणि पथ्याच्या खाण्याने फार तर वेळ मिळतो. तो वेळ तू तिला दिलास. ऑफिसमधून येऊन, सलाईनची बाटली पडद्याच्या दांडीला अडकवून, तिच्या कातडीखाली सुई टोचायला शिकलीस. तू, जिला स्वतःचं रक्त तपासायला देताना चक्कर येते!

शेवटच्या आठवड्यात ती पाणीसुद्धा ओकत होती. तोंडात फोड आले होते, उभं राहता येत नव्हतं. अजून चार दिवस थांबली असतीस तर ते चार दिवस तिने सोसले असते, तू नाही. तिला मारलं ते किडनीने. तू तिचे हाल थांबवलेस आणि त्याचा भार स्वतःवर घेतलास. मला हे पटतं म्हणून सांगतेय, तुझी समजूत काढायची म्हणून नाही.

आणि डोळ्यांचं. "शेवटपर्यंत डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होती," हे तू दोनदा म्हणालीस. तेही मी विचारलं. शेवटच्या इंजेक्शनमधलं ते औषध म्हणजे भुलीचंच औषध असतं, खूप मोठ्या मात्रेत. आधी शुद्ध हरपते, मग श्वास आणि हृदय थांबतं. कुत्र्यांचे डोळे त्यानंतरही मिटत नाहीत, बहुतेकांचे उघडेच राहतात. तेव्हा ती तुला काही विचारत नव्हती, तुझ्यावर रागावलेलीही नव्हती. शुद्धीत असताना तिला शेवटचं कळलं असेल ते एवढंच, की डोकं तुझ्या मांडीवर आहे आणि तू कान खाजवते आहेस. डावा कान, तिचा आवडता.

मल्हारला तुम्ही "जिलबी झोपली" असं सांगितलंय, ते मात्र बदला असं मला वाटतं. आठ वर्षांचं पोर आहे, त्याला कळतं. झोपली म्हटलं की एक तर तो तिच्या उठण्याची वाट बघेल, नाहीतर स्वतः झोपायला घाबरेल. ती खूप आजारी होती, बरी होणार नव्हती, आणि मेली, असं साध्या शब्दांत सांग. त्याच्यासमोर रडू आलं तर रड. त्याला चित्र काढायचं असेल, तिचा पट्टा उशाशी ठेवायचा असेल, ठेवू दे.

सासूबाई कालही चुकून तिची पोळी बाजूला काढत होत्या म्हणालीस. त्यांनाही काही म्हणू नकोस. तुझ्या घरात तुझ्याइतकंच कुणाला लागलं असेल तर त्यांना. ती घरात नको म्हणून भांडलेल्या त्याच होत्या, म्हणून बोलून दाखवत नसतील इतकंच.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतेय. विचारत नाहीये, सांगतेय. स्वयंपाक मी करीन. उरलेल्या सलाईनच्या बाटल्या, सुया आणि पथ्याच्या खाण्याची ती बंद पिशवी बघवत नसेल तर एका खोक्यात भरून ठेव, नाहीतर मी आल्यावर भरते. तुमच्या डॉक्टरांना विचारू, दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला उपयोगी पडेल. तिची चादर आणि वाटी यांना मी हात लावणार नाही. त्यांचं काय करायचं ते तू ठरवशील, पुढच्या महिन्यात किंवा पुढच्या वर्षी.

आणि संध्याकाळी साडेसहाला, तिच्या फिरण्याच्या वेळेला, तुझा जीव खालीवर होतो म्हणालीस. त्या वेळेला मला फोन करत जा. बोलायलाच हवं असं नाही, मी इकडे भाजी निवडत असते.

मल्हारला सांग, मावशी येताना नाशिकचा चिवडा आणतेय. आणि मला तिचा तो फोटो पाठव, तुझ्या लग्नातला, ज्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि ती एकटी जिलब्यांच्या ताटाकडे.

तुझी,
वैशू