दोन ते आठ

"पुलावरून नको, घाटाने घेऊ," रघुनाथ म्हणाला आणि फाट्यावर त्याने स्टिअरिंग डावीकडे वळवलं. पुलाचा रस्ता तासभर जवळचा होता. पण पूल बुटका, आणि पाऊस संध्याकाळपासून खंडला नव्हता. पाणी पुलावरून जायला लागलं की खाली रस्ता शाबूत आहे की वाहून गेलाय, हे चाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

क्लीनर पिंट्या काचेवरची वाफ फडक्याने पुसत होता. मागच्या थंड कप्प्यात इन्सुलिन होतं, लहान मुलांच्या लशी होत्या आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरणारं ऑक्सिटोसिन. चलनावर लाल शाईत लिहिलं होतं : २ ते ८ अंश. त्याखाली 'गोठवू नये' आणि त्याच्याखाली दोन रेघा. निघायच्या आधी रुग्णालयाच्या औषध भांडारातल्या बाईंचा फोन आला होता. प्रसूती विभागातलं ऑक्सिटोसिन सकाळपर्यंत पुरेल एवढंच होतं.

साडेबाराच्या सुमाराला, घाटाच्या अर्ध्यावर, पुढे लाल दिव्यांची रांग दिसली.

रघुनाथ डोक्यावर प्लास्टिक घेऊन चालत पुढे गेला. दोन वळणं सोडून दरड आली होती. चिखल, त्यात मुळासकट झोपलेलं झाड आणि झाडाच्या वर अजून सुटणारे बारीक दगड. ते बारीक दगडच त्याला आवडले नाहीत. एकदा दरड येऊन गेली म्हणजे डोंगर मोकळा झाला असं नसतं, बारीक खडी गळतेय तोवर वरचं मोठं निघायचं बाकी असतं. परत येताना त्याने रांगेतल्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगितलं, कड्याच्या बाजूला उभे राहू नका, गाडीत डोंगराकडेच्या अंगाला झोपू नका.

जेसीबी पलीकडून निघाला होता, कधी पोचेल ते कुणालाच माहीत नव्हतं.

थंडावा इंजिनावर चालत होता, म्हणून इंजिन चालूच ठेवावं लागलं. दोनच्या पुढे बॉनेटखाली चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला आणि डॅशवरचा हिरवा दिवा गेला. कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला होता. जादा पट्टा गाडीत नव्हता.

"उस्ताद, आत काय झालंय बघू का?"

"दाराला हात लावायचा नाही."

दार बंद राहिलं तर गारवा बराच वेळ टिकतो, उघडलं की पहिल्या मिनिटात निघून जातो. आतल्या तापमापीचा आकडा केबिनमध्ये दिसत होता. ४.६. मग ५.१. पाच वाजेपर्यंत आठ ओलांडणार, हे सरळ होतं.

तीन गाड्या मागे मासळीची दहा चाकी उभी होती. तिच्या फाळक्यातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. रघुनाथने काच वाजवली.

"भाऊ, बर्फ लागतोय. औषधं आहेत."

मासळीवाला खाली उतरला. रघुनाथचं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ फाळका उघडला. "घे लागेल तेवढा. फावडं आहे. थेट खोक्यांवरच टाकू ना?"

"नाही!" रघुनाथ एवढ्या जोरात म्हणाला की पिंट्या दचकला. मग त्याने आवाज खाली आणला. "थेट टाकला तर मेलंच. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळून परत पहिल्यासारखं होत नाही. बाटली बाहेरून तशीच दिसते, घेणाऱ्याला कळणारही नाही. गरम होण्यापेक्षा मला गोठण्याचीच भीती जास्त."

पिंट्या रांगभर फिरून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून आला. लोकांनी काहीच विचारलं नाही, जे होतं ते दिलं. एका बाईंनी भरलेल्या बाटल्या तिथेच ओतून हातात दिल्या. तिघांनी बर्फ फोडून बाटल्यांत भरला, वर थोडं पाणी घातलं आणि बुचं घट्ट लावली. रघुनाथ एकेक बाटली कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळलं की बाजूला ठेवायचा, नुसता खडा वाजला की परत पिंट्याकडे. फ्रीजरमधून काढलेला बर्फ शून्याच्याही खाली असतो. तो पाण्यात सुटायला लागला की शून्यावर येऊन थांबतो आणि पूर्ण वितळेपर्यंत तिथेच राहतो. त्या खळखळीवर सगळं अवलंबून होतं.

मासळीवाल्याला धीर धरवत नव्हता. "अरे, होऊ दे की आता."

"जरा थांब भाऊ. खोक्याला चिकटून ठेवायचंय हे."

पुठ्ठे फाडून तयार केले. कोण आत चढणार, कोण बाटली देणार, कुठलं खोकं कुठे आहे, हे दाराबाहेरच ठरलं. आकडा ७.४ वर आला तेव्हा दार उघडलं. पिंट्या आत, खोक्यांच्या ओळींमध्ये पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या अलीकडे बाटली, परत पुठ्ठा. कुणी बोललं नाही. दार बंद झालं तेव्हा आकडा ७.९ होता.

पंधरा मिनिटं तो तिथेच राहिला. मग ७.६. मग ७.

उजाडता उजाडता जेसीबीने एक पट्टी मोकळी केली, लहान गाडी जाईल एवढीच. रांगेत पुढे सतरा-अठरा गाड्या होत्या. रघुनाथने कुणाला विनंती केली नव्हती, पण बर्फाची गोष्ट पुढपर्यंत गेली होती. बसवाल्याने आपली बस मागे घेऊन डोंगराला लावली, मग त्याच्या मागच्याने, मग त्याच्या मागच्याने. "औषधाची गाडी येऊ द्या!" अशी हाक वळणावळणाने पुढे गेली. दहा चाकी त्या पट्टीतून जाणं शक्य नव्हतं. तिचा ड्रायव्हर फावडं हातात धरून रस्त्यात उभा होता आणि रघुनाथच्या मागच्या चाकाकडे बघून, "अजून डावीकडे, अजून, हं, जाऊ दे," म्हणत होता.

रुग्णालयात भांडारातल्या बाई दारातच होत्या. त्यांनी आधी तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र काढलं, संगणकाला जोडलं आणि आलेख बोटाने पुढे सरकवत नेला. सगळ्यात वरचा आकडा ७.९, सगळ्यात खालचा ३.२. मग खोकी तपासली. लशींच्या एका खोक्याचा पुठ्ठा वळणावर घसरून बाटली थेट टेकली होती.

"हे मी बाजूला काढते."

"बाई, गोठलं नसेल. हाताला पाणी लागतंय अजून."

"नसेलही. पण तपासल्याशिवाय एकाही बाळाला देणार नाही."

रघुनाथने मान हलवली. "चलनावर लिहा तसं. पट्टा तुटल्याची वेळही लिहा, २ वाजून १० मिनिटं."

प्रसूती विभागातली सिस्टर आली, रजिस्टरवर सही केली आणि ऑक्सिटोसिनचं खोकं घेऊन जिना चढायला लागली. बाईंनी मागून हाक मारून सांगितलं, फ्रीजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेव. तिने वळून न बघताच हात वर केला.

रघुनाथने फोन लावला.

"पोचलं का?" मासळीवाल्याने पलीकडून आधी तेच विचारलं.

"पोचलं. एक खोकं तपासायला काढलंय, बाकी सगळं आत गेलं. तुझं काय?"

"मोठ्या गाड्या दुपारनंतर सोडणार म्हणतायत. तोपर्यंत माल राहतो का बघायचं."

"बर्फ?"

तिकडून उत्तर आलं नाही.

रघुनाथने फोन ठेवला आणि बाईंना विचारलं, इथे जवळपास बर्फाचा कारखाना आहे का. आहे, स्टँडच्या मागे, सातला उघडतो, त्या म्हणाल्या. पिंट्या रिकाम्या कप्प्यात आडवा झाला होता.

"ऊठ," रघुनाथ म्हणाला, "घाटात परत जायचंय. लाद्या भरायच्यात."