समाजशास्त्र: सोमवारच्या पेपरसाठी उजळणी आणि आठवणपत्रकं

सायली, रेश्मा, पेपर सोमवारी 11 ला. गुरुवारी दुर्खीम आणि मार्क्स, शुक्रवारी वेबर आणि मर्टन, शनिवारी सगळे भारतीय विचारवंत. रविवारी नवीन काही उघडायचं नाही, फक्त पत्रकं. प्रत्येक पत्रक वहीच्या अर्ध्या पानात मावायला हवं: नाव, सन, संकल्पना आणि आपल्याकडचं एक उदाहरण. गाईडमधली उदाहरणं अख्खा वर्ग लिहिणार, म्हणून ती टाळायची.

दुर्खीम (1858–1917)
श्रमविभाजन 1893, पद्धतीचे नियम 1895, आत्महत्या 1897, धर्म 1912. सन याच क्रमाने पाठ.
यांत्रिक एकता: रापण. दोरीला वीसजण लागले तरी सगळ्यांचं काम एकच, आणि शेवटी मासळीचे वाटे. सेंद्रिय एकता: ट्रॉलर. तांडेल, खलाशी, बर्फवाला, डिझेलवाला, लिलाव करणारा. एक अडला की सगळे अडले. 'पूर्वी एकी होती, आता राहिली नाही' असं लिहिलंत तर गुण गेले. एकी संपत नाही, तिचा प्रकार बदलतो, हेच तर त्याचं म्हणणं आहे.
कायदा याच्याच जोडीला लिहा. यांत्रिक एकतेत दमनकारी, सेंद्रिय एकतेत भरपाईचा. दमनाचं उदाहरण वाळीत टाकणं. रायगडातली अशी प्रकरणं गाजली आणि राज्याने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला.
पवित्र आणि लौकिक: देवराई. तिथली वाळकी फांदीसुद्धा चुलीला चालत नाही, पण कुंपणापलीकडचं तेच लाकूड चालतं. पावित्र्य लाकडात नसतं, ते समाज देतो. हे वाक्य असंच उतरवा.
आत्महत्येचे चार प्रकार: आत्मकेंद्री, परार्थवादी, प्रमाणकशून्य, दैववादी. चौथा त्याने तळटीपेत उरकलाय, आपणही एका ओळीत उरकू.

मार्क्स (1818–1883)
जाहीरनामा 1848, भांडवल खंड पहिला 1867. पाया आणि इमला, वर्गजाणीव, वरकड मूल्य.
परात्मता चार प्रकारची: उत्पादनापासून, कामापासून, स्वतःच्या माणूसपणापासून, दुसऱ्या माणसापासून. मासळीच्या कारखान्यात किलोवर कोळंबी सोलणारी बाई डोळ्यांसमोर आणा, चारही आपसूक सुटतात. सोललेली कोळंबी तिची नाही, वेग तिचा नाही, आणि शेजारची जास्त सोलते म्हणून तिचाच राग.

वेबर (1864–1920)
सत्ता तीन प्रकारची. पारंपरिक: शिमग्याच्या पालखीत पहिला मान असलेला मानकरी. कायदेशीर-विवेकी: तलाठी, माणूस बदलला तरी सातबारा त्याच नमुन्यात मिळतो. करिष्माई: गांधी, सरळ. नोकरशाहीची वैशिष्ट्ये रेश्माने काढलीत ती पुरे. आदर्श प्रारूपातलं 'आदर्श' म्हणजे उत्तम नव्हे, अभ्यासासाठी मुद्दाम रेखीव केलेलं चित्र.

मर्टन
व्यक्त कार्य, अव्यक्त कार्य. चतुर्थीला चाकरमानी येतात ते गणपतीसाठी, हे व्यक्त. त्याच चार दिवसांत भाऊ-भाऊ एकत्र बसून घराची वाटणी बोलतात, कुणाची सोयरीक ठरते, हे अव्यक्त. बस.

घुर्ये
जन्म 1893, आपल्या मालवणातच. जातीवरचं पुस्तक 1932 चं. सहा वैशिष्ट्ये: समाजाचे खंड, उतरंड, खाण्यापिण्यावर बंधनं, हक्क आणि अपात्रता, धंदा निवडायला मोकळीक नाही, लग्नावर बंधनं. दरवर्षी विचारतात.

आंबेडकर
जातीवरचा निबंध 1916: जात म्हणजे बंदिस्त वर्ग, आणि तिचं मूळ अंतर्विवाहात. घुर्यांच्या सहाव्या मुद्द्यापासून इथे यायचं, म्हणजे तुलनेचा प्रश्न आपोआप सुटतो. क्रमिक विषमता: प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, म्हणून सगळे मिळून उठत नाहीत. महाड, 20 मार्च 1927, चवदार तळं. खोतीविरुद्धचं विधेयक 1937. मूळ गाव आंबडवे, मंडणगड. मोठा प्रश्न आला तर हाच घ्यायचा, आपल्याकडे सगळ्यात जास्त मुद्दे इथेच आहेत.

श्रीनिवास
संस्कृतीकरण (कूर्गवरचं पुस्तक, 1952), प्रभुत्वशाली जात. संस्कृतीकरणाने जातीची पायरी बदलते, जिना तसाच राहतो.

कर्वे
नातेसंबंधांवरचं पुस्तक 1953. चार विभाग: उत्तर, मध्य, दक्षिण, पूर्व. महाराष्ट्र मध्य विभागात, आणि मामेबहिणीशी लग्न हा दक्षिणेशी जोडणारा धागा.

कुटुंब आणि स्थलांतराच्या प्रश्नाला एक आकडा: 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, राज्यात 929. यावरून 'कोकणात स्त्रीचा दर्जा उंच' असं लिहू नका. पुरुष मुंबईला गेलेत. शेत, गुरं आणि सासू-सासरे तिच्यावर पडलेत.

रविवारी संध्याकाळी सायलीच्या पडवीत. एकीने उदाहरण सांगायचं, दुसरीने विचारवंत, तिसरीने सन. अडलेली पत्रकं वेगळी काढायची आणि सोमवारी साडेआठच्या एसटीत तेवढीच चाळायची.