विषय: घरगुती वीजमीटर माझ्या नावावर करून मिळण्याबाबत (फ्लॅट 7, कमलकुंज, पाथर्डी फाटा, नाशिक)

नमस्कार साहेब,

मी मेघना राहुल कुलकर्णी. वरचा फ्लॅट आम्ही नवरा-बायकोने 14 मार्च 2025 ला शिंदेंकडून विकत घेतला, राहायलाही आलोय, पण बिल अजून दत्तात्रय भिकाजी सोनवणे या नावाने येतंय. ते पहिले मालक, शिंदेंनी त्यांच्याकडून 2016 ला घेतला आणि मीटर काही नावावर करून घेतला नाही, कारण बिल भरलं की लाइट चालू असते मग कोण कशाला बघतंय. आता सोनवणे काका हयात नाहीत असं सोसायटीत कळलं, मुलं कुठे असतात कुणालाच माहीत नाही, त्यामुळे मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांचं संमतीपत्र मला आणता येणार नाही. पण वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेत संमतीपत्र नसेल तर मालकीचा पुरावा चालतो असं आहे, म्हणून दोन्ही खरेदीखतं जोडलीत, सोनवणे ते शिंदे आणि शिंदे ते आम्ही, म्हणजे मधली कडी तुटत नाही.

सोबत हे जोडलंय:
1) सही केलेला नावबदलाचा अर्ज
2) चालू महिन्याचं बिल (ग्राहक क्रमांक त्यावरच आहे) आणि ते भरल्याची पावती, थकबाकी शून्य
3) आमचं खरेदीखत आणि इंडेक्स टू
4) 2016 च्या खरेदीखताची झेरॉक्स, शिंदेंकडून घेतलीय
5) शिंदेंचं साध्या कागदावरचं ना-हरकत पत्र. मीटर त्यांच्या नावावर नाही म्हणून लागणार नाही बहुतेक, पण असू दे
6) माझं आधार आणि पॅन, फोटो
7) फ्लॅट दोघांच्या नावावर आणि मीटर फक्त माझ्या नावावर हवाय म्हणून मिस्टरांचं संमतीपत्र
8) घरपट्टीची पावती, ही अजून शिंदेंच्या नावाने आहे, महापालिकेत वेगळा अर्ज दिलाय

ओरिजिनल कागद बघायचे असतील तर घेऊन येते.

डिपॉझिटचं म्हणाल तर जुनी सुरक्षा ठेव सोनवणेंची आहे, त्यावर माझा काही हक्क नाही, माझ्या नावाने जी नवीन निघेल ती आणि प्रोसेसिंग फी मी भरते, डिमांड काढून कळवा. लोड वाढवायचा नाही, सिंगल फेजच राहू दे, वापरही घरगुतीच.

नाव मात्र आधारवर आहे तसंच टाका, आडनाव शेवटी. आणि बिलाचे मेसेज अजून शिंदेंच्या मोबाइलवर जातात, ते बिचारे दर महिन्याला मला फॉरवर्ड करत बसतात, तर अर्जात दिलेला माझा नंबर त्याच वेळी बदलून द्या.

अर्ज मिळाल्यापासून दुसऱ्या बिलाच्या आत नाव बदलायला पाहिजे असंही त्याच संहितेत आहे, तर एखादा कागद कमी वाटला तर अर्ज तसाच ठेवू नका, लगेच फोन करा, मी दुपारी दोननंतर कधीही येऊ शकते. या अर्जाची पोच सही-शिक्क्यासह द्यावी ही विनंती.

मेघना राहुल कुलकर्णी
2 जून 2025