प्रमोद, ते ४५ हजार मी काढले होते

नौपाडा, ठाणे
१२ ऑक्टोबर २०२५

प्रमोद,

हे पत्र माफीचं आहे, पण त्यात तुझ्याकडे काही मागणं नाही. अर्ध्यावर बंद करून फाडून टाकलंस तरी तो तुझा हक्क आहे. आधी झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते कोणी सरळपणे तुझ्यासमोर मांडलेलंच नाही आणि मांडू शकणारा माणूस मी एकटाच आहे.

मे २०१९. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी उरकायचं होतं. तू सेक्रेटरी, मी खजिनदार. तू आठवडाभर सावंतवाडीला निघाला होतास. मागे काही अडू नये म्हणून सोसायटीच्या दोन कोऱ्या चेकांवर सही करून ते माझ्याकडे देऊन गेलास. एक वॉचमनच्या पगाराला लागला. दुसऱ्यावर मी ‘सेल्फ’ लिहिलं, ४५,००० चा आकडा टाकला, स्वतः बँकेत जाऊन रोख काढली आणि मटेरियलसाठी म्हणून ठेकेदाराच्या हातात दिली. एवढी रक्कम त्याच्या नावाच्या चेकनेच द्यायची, हे मला पक्कं माहीत होतं. रोख दिलीत तर दोन दिवसांत माल टाकतो म्हणाला, आणि मी दिली. पावती घेतली नाही, व्हाउचरवर त्याची सही घेतली नाही, तुला फोन केला नाही. जुलैत गच्ची गळायला लागली तेव्हा रोख मिळालीच नाही म्हणत त्याने हात वर केले.

इथपर्यंतच्या वागण्याला निष्काळजीपणा म्हणता येईल. पुढचं मी समजून उमजून केलं.

गळतीवरून सभासद पैशांचा हिशोब मागणार हे दिसायला लागल्यावर, ऑगस्टमध्ये, मी कॅशबुकात मे महिन्याच्या त्या नोंदीपुढे ‘सचिवांच्या सूचनेवरून’ असं मागाहून घातलं. ओळीत जागा उरली नव्हती म्हणून अक्षरं बारीक आहेत, शाईही वेगळी आहे. नीट पाहिलं तर कोणालाही कळेल. तेव्हा कोणी पाहिलं नाही.

मग २२ सप्टेंबरची वार्षिक सभा. चेकवर दोघांच्या सह्या होत्या, ठेकेदार तू आणला होतास, तेवढ्यावरून कोणीतरी कमिशनचा विषय काढला. मला विचारलं गेलं तेव्हा मी म्हणालो, “व्यवहार सेक्रेटरी बघत होते, मी फक्त नोंदी ठेवतो.” तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी कॅशबुक मिटवून मांडीवर घेतलं. कोऱ्या चेकची गोष्ट तू तिथेच सांगू शकला असतास. तू सांगितली नाहीस. मी ती सांगेन म्हणून थांबला होतास, असं मला वाटतं. मी सांगितली नाही.

ऑक्टोबरमध्ये तू राजीनामा दिलास आणि वाद मिटावा म्हणून स्वतःच्या खिशातून ४५,००० सोसायटीत भरलेस. ती पावती मीच फाडली, खाली सही माझीच. ते पैसे तुझ्याकडून घेतले जाऊ दिले, हे मला त्या सभेतल्या वाक्याहूनही नीच वाटतं. सभेत विचार करायला क्षणभर मिळाला होता, इथे पुरते तीन आठवडे होते.

मी का केलं, तेही लिहितो, नाहीतर पत्र अर्धवट राहील. मी बँकेत नोकरीला. रोखीच्या व्यवहारात नाव आलं तर नोकरीवर बालंट येईल ही भीती होती. पण नोकरी तुलाही होती आणि नाव तुलाही होतं.

त्यापायी तुमच्या घराला काय सोसावं लागलं, त्यातलं मला दिसलं तेवढंच मी लिहू शकतो. त्या दिवाळीत मजल्यावरून फराळाची ताटं फिरली, तुमच्या दाराशी थांबली नाहीत. वैशाली वहिनींनी भिशी सोडली. काकू कट्ट्यावर बसायच्या बंद झाल्या. २०२१ मध्ये तुम्ही घर विकून ऐरोलीला गेलात. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते आहे. राहिलेल्यांना मोठी घरं मिळतील, तुम्हाला काही मिळणार नाही. ते नुकसान मी भरून देऊ शकत नाही. त्याचा आकडा काढून दाखवणंही मला शोभणार नाही.

मला आपणहून जाग आली असंही नाही. रिडेव्हलपमेंटसाठी जुनी दप्तरं काढली, तेव्हा नव्या खजिनदारांनी त्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? त्यांच्याशी खोटं बोललो नाही, एवढंच.

गेल्या २८ सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी उभा राहून लेखी निवेदन वाचलं. चेक कोणी भरला, रोख कोणी काढली, नोंदीत शब्द कोणी घातले, तिन्ही ठिकाणी माझं नाव आहे. तुझ्याबद्दल एकच वाक्य आहे: या रकमेशी प्रमोदचा काही संबंध नव्हता आणि त्याने भरलेले पैसे त्याचं देणं नव्हतं. ते इतिवृत्तात शब्दशः घ्यावं अशी लेखी मागणी केली आहे. कच्चं इतिवृत्त फिरलं, त्यात ते आलं आहे. तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर हो-नाहीचा भार पुन्हा तुझ्यावरच पडला असता, आणि दप्तर दुरुस्त करणं हे माझंच काम होतं. तरी तुझं नाव पुन्हा चारचौघांत निघालं. त्याचा तुला त्रास झाला तर तोही माझ्याच खात्यावर.

सोबत ६३,९०० रुपयांचा अकाउंट पेयी चेक आहे. मुद्दल ४५,०००, आणि सहा वर्षांचं ७ टक्क्यांनी सरळ व्याज १८,९००. हे तुझेच पैसे आहेत. तारखेपासून तीन महिने चेक चालेल. भरलास म्हणजे मला माफ केलंस असं मी कधीही धरणार नाही, कोणाला सांगणारही नाही. मुदत टळली तर कारण न विचारता नवा पाठवेन, पण तू कळवलंस तरच.

मी फोन करणार नाही, ऐरोलीला दारात येऊन उभा राहणार नाही. आपल्या ग्रुपमधल्या कोणालाही मध्यस्थी करू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. तरी कोणी तुला ‘आता सोडून दे’ म्हणालंच, तर ते माझ्या सांगण्यावरून नाही. कोणाच्या लग्नकार्यात समोरासमोर आलो तर मी बाजूला होईन. तुला ओळख दाखवावी लागू नये म्हणून.

तुला राग असेल तर तो रास्त आहे, आणि तो कमी व्हावा म्हणून हे लिहिलेलं नाही. मी तुझा विश्वासघात केला. मित्र म्हणून तू कोऱ्या चेकवर सही दिलीस आणि मी तीच तुझ्याविरुद्ध वापरली. मला त्याची मनापासून लाज वाटते, आणि मी तुझी, वहिनींची, काकूंची माफी मागतो. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

निवेदनाची आणखी सही केलेली प्रत कुठे दाखवायला लागली, वहिनींच्या माहेरी किंवा कुठेही, तर सोसायटीच्या ऑफिसात मागितलीस तरी मिळेल. दोन प्रती तिथे ठेवल्या आहेत. माझ्याशी बोलावं लागणार नाही.

शिरीष

सोबत:
१. वार्षिक सभेतलं निवेदन, सही केलेली मूळ प्रत
२. कच्च्या इतिवृत्ताचं संबंधित पान
३. कॅशबुकच्या त्या पानाची झेरॉक्स, मागाहून घातलेल्या शब्दांखाली रेघ मारून
४. तू भरलेल्या ४५,००० च्या पावतीची झेरॉक्स
५. ६३,९०० चा चेक