टिळकवाडी शाखेत कर्मचारी टेबलावरच कोसळल्याच्या घटनेचा अहवाल

प्रति,
मा. चेअरमन व संचालक मंडळ

घटना: सोमवार, १२ जानेवारी २०२६, सकाळी ११.४२, टिळकवाडी शाखा, बेळगाव
अहवाल दिनांक: १६ जानेवारी २०२६

हा अहवाल शाखेतल्या सर्वांशी बोलून, सीसीटीव्हीचे चित्रण पाहून आणि फोनमधल्या कॉलच्या नोंदी ताडून लिहिला आहे. सीसीटीव्हीचे घड्याळ चार मिनिटे पुढे आहे, हे पडताळणीत कळले. म्हणून खालच्या सर्व वेळा मोबाईलच्या घड्याळाप्रमाणे दुरुस्त करून दिल्या आहेत. कर्मचाऱ्यांचा उल्लेख हुद्द्यानेच केला आहे.

आपले वरिष्ठ हिशेबनीस (वय ५२) त्या दिवशी येळ्ळूरहून नेहमीप्रमाणे मोटारसायकलने आले. दहाच्या सुमारास त्यांनी रोखपाल बाईंना जबडा आणि डावा खांदा ठणकत असल्याचे सांगितले. गाडीवर गार वारा लागला असेल, नाहीतर पित्त असेल, असे त्यांचेच म्हणणे. शिपाई मामांकडून सोडा मागवून घेतला आणि कामाला बसले. डॉक्टरकडे जा, असे आमच्यापैकी कोणीच म्हटले नाही. सोमवार असल्याने पिग्मीचे भरणे करायला गर्दी होती.

११.४२ वाजता ते खतावणीवर टिकमार्क करत होते. चित्रणात दिसते की पेन हातातून सुटले, कपाळ टेबलावर टेकले आणि दोन-तीन सेकंदांत ते डावीकडे खुर्चीवरून घसरले. रोखपाल बाई ओरडल्या आणि आम्ही सगळे धावलो.

पुढची तीन मिनिटे मला जशी घडली तशीच मांडायची आहेत, कारण ती वाया गेली. कोणी फॅन वाढवला, कोणी तोंडावर पाणी मारले, एका सभासदाने कांदा आणायला सांगितले. हातपाय किंचित झटकत होते, म्हणून मला फिट वाटली आणि तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा मीच त्यांच्या मुठीत दिला. रोखपाल बाई पेला ओठांना लावायला गेल्या. कर्ज विभागाच्या साहेबांनी त्यांचा हात धरला, ते योग्यच केले, शुद्ध नसलेल्या माणसाच्या घशात पाणी जाऊन जीव गुदमरला असता. तोंडातून घोरल्यासारखा आवाज येत होता. "श्वास चालू आहे, घाबरू नका," असे मीच दोनदा म्हणालो.

११.४४ नंतर काही सेकंदांनी काउंटरवरची कनिष्ठ लिपिक पुढे आली. खानापूरची ही मुलगी आपल्याकडे आठ महिन्यांपूर्वी लागली. कॉलेजात एनसीसीच्या शिबिरात तिने प्रथमोपचार शिकले होते. तिने खांदे हलवून मोठ्याने हाका मारल्या, कान नाकाशी नेला आणि छातीकडे पाहत राहिली. एक घोर, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक घोर. "सर, हा श्वास नाही. हृदय थांबलंय. काकांना सपाट जमिनीवर घ्या," असे ती म्हणाली. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ अशी आचके दिल्यासारखी घरघर येते, आणि पाहणारा तिलाच श्वास समजतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले.

बरोबर ११.४५ ला तिने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात केली. त्याच वेळी पिग्मी एजंटने १०८ लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून कन्नडमध्ये प्रश्न आले. माझे कन्नड मोडके, एजंट गोंधळला. दाबता दाबताच मुलीने उत्तर दिले, "प्रज्ञे इल्ला, उसिराटा सरि इल्ला," म्हणजे शुद्ध नाही, श्वास नीट नाही. पत्ता सांगताना इमारतीच्या नावाने काही कळेना. दुसऱ्या रेल्वे गेटजवळ म्हटल्यावर लगेच कळले. सगळे बोलणे १ मिनिट ५० सेकंदांचे.

चौथ्या-पाचव्या दाबाला बरगडीतून कट्ट असा आवाज आला. मुलीचे हात थांबले, चेहरा पांढरा पडला. फोनवरच्या बाईंनी थांबू नका, मोजत राहा, असे बजावले. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती किमान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर आली पाहिजे. असे दोन मिनिटे केले की धडधाकट माणसालाही धाप लागते. ११.४७ ला एजंट बसला, ११.४९ ला कर्ज विभागाचे साहेब, मग पुन्हा मुलगी. तिघांनी पाळीपाळीने चौदा मिनिटे खंड पडू दिला नाही. त्या वेळी मी मोठ्याने आकडे मोजत होतो, एवढेच.

शिपाई मामा टॉवेल घेऊन रस्त्यावर धावले. रेल्वेसाठी गेट पडलेले पाहून त्यांनी वर फोन केला, आणि एजंटने अॅम्ब्युलन्सच्या चालकाला तिसऱ्या गेटच्या पुलावरून वळायला सांगितले. मामांनी हे पाहिले नसते तर गाडी गेटवर अडकली असती. दोन सभासदांनी जिन्याखालच्या स्कूटर बाजूला ओढल्या. रोखपाल बाईंनी रोकड कुलपात टाकून काउंटर बंद केला. संध्याकाळी दोघांच्या सहीने रोख जुळली.

११.५२ ला मी हिशेबनीसांच्या पत्नीला फोन केला. चक्कर आली आहे, दवाखान्यात नेतो आहोत, एवढेच सांगितले आणि त्यांना आणायला एका सभासदाची गाडी येळ्ळूरला पाठवली. पूर्ण खरे फोनवर सांगायला हवे होते की नको, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

अॅम्ब्युलन्स ११.५७ ला आली, कर्मचारी ११.५९ ला वर पोहोचले. शर्ट कापून, छाती पुसून पॅड लावले, सगळ्यांना हात काढायला सांगितले आणि १२.०० वाजता शॉक दिला. लगेच पुन्हा दाब सुरू. १२.०२ ला मानेची नाडी लागली. जिना अरुंद असल्याने स्ट्रेचर वळणावर उभे तिरपे करावे लागले, गाडी १२.०९ ला निघाली, १२.२१ ला दवाखान्यात. कर्ज विभागाचे साहेब सोबत गेले.

हृदयाच्या एका धमनीत गाठ अडकली होती. त्याच दुपारी स्टेंट बसवला. दोन दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. बुधवारी संध्याकाळी त्यांनी पत्नीला ओळखले आणि काल मला विचारले, खतावणी कुठपर्यंत झाली. दोन बरगड्या मोडल्या आहेत. डॉक्टरांनी सांगितले, बरगड्या भरून येतील.

कोसळण्यापासून दाब सुरू होईपर्यंत तीन मिनिटे आणि शॉक मिळेपर्यंत अठरा मिनिटे गेली. दाबाशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता घटत जाते. पहिली तीन मिनिटे माझ्या अज्ञानाने गेली, त्याची जबाबदारी मी घेतो.

मंडळाकडे विनंत्या अशा: शॉक देणारे स्वयंचलित यंत्र, म्हणजे एईडी, शाखेसाठी घ्यावे, ते स्वतःच हृदयाची लय तपासते आणि तोंडी सूचना देते, त्यामुळे शिपाई मामाही ते वापरू शकतील. सर्व कर्मचारी व पिग्मी एजंटांना छाती दाबण्याचे प्रशिक्षण पुतळ्यावर प्रत्यक्ष हात ठेवून मिळावे. १०८ ला सांगायची चार वाक्ये आणि गेटच्या खुणेसह पत्ता कन्नड व मराठीत फोनशेजारी लावण्याचे काम मी आजच केले आहे. सीसीटीव्हीचे घड्याळही नीट केले.

कनिष्ठ लिपिक अजून परिवीक्षाधीन आहे. तिचे नाव कायम करण्याच्या यादीत घ्यावे, ही माझी स्पष्ट शिफारस आहे. मंगळवारी तिचे तळहात सुजले होते, तरी ती कामावर आली. मी तिला घरी पाठवले, तो दिवस रजेत धरू नये.

हिशेबनीसांची शिल्लक रजा फक्त नऊ दिवस आहे आणि डॉक्टरांनी किमान सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. उरलेल्या दिवसांची विशेष पगारी रजा पुढच्या सभेत मंजूर व्हावी. त्यांची खतावणी सोमवारपासून मी स्वतः लिहीत आहे.

शाखा व्यवस्थापक,
टिळकवाडी शाखा, बेळगाव